झोपायच्या खोलीतला हिरवा

आमच्या घरांत हिरवा जिव्हाळ्याचा, त्यामुळे अम्मीला झोपायच्या खोलीत तोच हवा होता. पण मनाला निवांतपणा नुसत्या हिरव्या-निळ्याने येत नाही. रंग किती भडक, यावर बरंच ठरतं. लहान खोलीत भिंतींचा रंग एकमेकींवर पडतो, म्हणून पोपटी रंग शेडकार्डावरच्यापेक्षा जास्तच भडक दिसतो. आम्ही राखाडी झाक असलेला फिकट हिरवा निवडला. आधी भिंतीवर २ फुटांचा चौकोन दोन हात रंगवला. वाळल्यावर तो फजरनंतरच्या उजेडात, दुपारी आणि इशानंतर दिव्याखाली पाहिला. पांढऱ्या ट्यूबखाली तो मरगळलेला वाटला, २७०० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली शांत. झोपेच्या बाबतीत भिंतीपेक्षा रात्रीच्या उजेडाचा वाटा मोठा. म्हणून ट्यूब आता फक्त झाडलोटीला लागते.