सत्तर वर्षांपूर्वीचा नकाशा आणि आजची फुलं

"एवढी झाडं तोडली, एवढा मोठा रस्ता झाला, तरी पक्षी दिसतातच की!" असं वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलं असेल. बोलणारा खोटं बोलत नसतो. पक्षी खरंच दिसत असतात. पण निसर्गात नुकसान ज्या दिवशी होतं, त्याच दिवशी ते दिसतं असं नाही. जागा आज जाते आणि तिथला जीव कधी दहा वर्षांनी जातो, कधी शंभर वर्षांनी. तोवर तो असतो, फुलतोही, पण त्याचं जाणं ठरून गेलेलं असतं.

शास्त्रज्ञ याला नामशेष होण्याचं कर्ज म्हणतात. १९९४ साली डेव्हिड टिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात गणित मांडून ही कल्पना पुढे आणली. जागा आज खर्च केली, त्याची किंमत जातींच्या रूपात पुढच्या पिढ्यांमध्ये चुकवावी लागते, म्हणून कर्ज.

हे कर्ज मोजता कसं येतं, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. जे अजून घडलेलंच नाही, ते मोजायचं कसं? त्याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर एस्टोनिया या छोट्या देशातलं आहे.

बाल्टिक समुद्राच्या काठी असलेल्या या देशात चुनखडीच्या खडकावर गवताळ माळ आहेत. त्यांना 'अल्वार' म्हणतात. खडकावर माती जेमतेम वीतभर, कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी. तुम्ही कोकणातले सडे किंवा कासचं पठार पाहिलं असेल, तर पातळ मातीवर किती प्रकारची फुलं दाटीवाटीनं राहू शकतात, हे तुम्हाला सांगायला नको. अल्वारांवर शतकानुशतकं मेंढ्या चरत आल्या. त्यांच्या चरण्यामुळे झुडपं वाढत नव्हती आणि छोट्या रोपांना ऊन मिळत होतं. शिवाय मेंढ्यांच्या लोकरीत आणि खुरांत अडकून बिया एका माळावरून दुसऱ्या माळावर जात होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीची पद्धत बदलली आणि बहुतेक माळांवरची चराई थांबली. मग जुनिपरची झुडपं पसरली, काही ठिकाणी पाइनची झाडं लावली गेली. १९३० च्या दशकात मोठे आणि एकमेकांना लागून असलेले माळ आक्रसत गेले आणि त्यांचे सुटे तुकडे उरले.

२००६ साली अवेलीना हेल्म, इल्क्का हान्स्की आणि मेलिस पार्टेल यांनी अशा ३५ माळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येक माळावरच्या वनस्पतींच्या जाती मोजल्या आणि ती संख्या दोन नकाशांशी ताडून पाहिली, एक आजचा आणि एक सुमारे सत्तर वर्षांपूर्वीचा. साधा नियम असा, की मोठ्या जागेत जास्त जाती राहतात, लहान जागेत कमी. पण आजच्या जातींची संख्या आजच्या नकाशाशी जुळेना. ती जुळली जुन्या नकाशाशी. म्हणजे तिथली फुलं अजून त्या माळात राहत होती, जो आता अस्तित्वातच नव्हता.

पुढची पायरी कर्जाची रक्कम काढण्याची. काही माळांची जागा फारशी कमी झालेली नव्हती. तिथे किती जागेत किती जाती टिकतात, हे त्यांनी पाहिलं आणि तेच प्रमाण खूप आक्रसलेल्या माळांना लावलं. अशा माळांवर असायला हव्यात त्याहून बऱ्याच जास्त जाती निघाल्या. हा जास्तीचा भाग आजच्या जातींच्या साधारण ४० टक्के होता. समजा, एका माळावर तुम्ही आज ५० जाती मोजल्या. त्यातल्या सुमारे २० जातींना पुरेल एवढी जागा तिथे उरलेलीच नाही.

मग त्या अजून आहेत कशा? कारण माळावरच्या पुष्कळ वनस्पती दीर्घायुषी असतात. एकच रोप कित्येक दशकं जगतं आणि मुळांवाटे नवे कोंबही काढतं. पण सावली वाढली की बी रुजत नाही, आणि शेजारचा माळ नाहीसा झाला की बाहेरून बी येत नाही. जुनं रोप मेलं की त्याची जागा घ्यायला कुणी नसतं. म्हणून नुसती फुलं मोजून फसायला होतं. पाहायची असतात ती रोपं. म्हातारी झाडं भरपूर आणि खाली त्यांची पिल्लं नाहीत, असं दिसलं की हिशेब चुकतोय हे समजावं.

आयुष्य लहान असेल तर वसुली लवकर होते. दक्षिण थायलंडमध्ये १९८६-८७ साली धरणाचं पाणी साठलं आणि चिऊ लार्न जलाशयात डोंगरांचे माथे तेवढे बेटं होऊन उरले. अशी शंभरहून जास्त बेटं. संशोधकांनी त्यांतल्या १६ बेटांवर उंदीर, खारी असे लहान सस्तन प्राणी दोनदा मोजले, पहिल्यांदा पाच-सात वर्षांनी आणि नंतर पंचवीसेक वर्षांनी. पहिल्या वेळी छोट्या बेटांवरचे मूळचे प्राणी जवळजवळ संपले होते, पण मोठ्या बेटांवर बऱ्याच जाती होत्या. त्या वेळीच अभ्यास थांबला असता, तर 'दहा हेक्टरांहून मोठा तुकडा पुरतो' असं कुणालाही वाटलं असतं. दुसऱ्या वेळी मोठ्या बेटांवरचेही बहुतेक सगळे गेले होते, आणि बाहेरून आलेल्या एका जातीच्या उंदरानं जागा बळकावली होती.

या हिशेबाच्या मर्यादाही आहेत. ४० टक्क्यांचा आकडा एका गृहीतावर उभा आहे: फारसे न आक्रसलेले माळ आता स्थिरावलेले आहेत. ते तसे नसतील तर आकडा बदलेल. शिवाय कोणती जात कधी जाईल, हे त्यातून कळत नाही. आणि सगळीकडे कर्ज सापडतंच असंही नाही. बेल्जियममधल्या चुनखडीच्या माळांवर खास त्याच अधिवासात वाढणाऱ्या वनस्पतींचा असाच शोध घेतला, तेव्हा ते आढळलं नाही. एक शक्यता अशी, की तिथे ते आधीच चुकतं झालं होतं. जायच्या होत्या त्या जाती जाऊन चुकल्या होत्या.

म्हणूनच मला 'कर्ज' हा शब्द योग्य वाटतो. जोवर ते बाकी आहे, तोवर जाती जिवंत आहेत आणि जागा परत देऊन ते फेडता येतं. एस्टोनियात २०१४ ते २०१९ या काळात अडीच हजार हेक्टर माळांवरची झुडपं आणि झाडं काढली गेली आणि गुरं-मेंढ्या पुन्हा चरायला आणल्या. हे करता आलं, कारण कोपऱ्याकोपऱ्यात जुनी रोपं अजून तग धरून होती. ती गेल्यावर झुडपं काढली असती, तर उघड्या खडकावर बी आणायचं कुठून?

तेव्हा तुमच्या गावाजवळच्या माळावर किंवा रानात एखादा प्रकल्प होऊन दोन वर्षं झाली आणि 'पाहणी केली, सगळ्या जाती जागेवर आहेत' असं कुणी सांगितलं, तर दोन गोष्टी विचारा. नवी रोपं दिसली का? आणि आजची मोजणी कोणत्या सालच्या नकाशाशी ताडून पाहिली?