नूतनीकरणाची नोटीस: क्लेमनंतर वाढलेला हप्ता

धानाच्या व्यापारात भाव वाढला की अनुभवी व्यापारी आधी कारण शोधतो. आवक घटली, वाहतूक महागली की समोरच्याने नुसताच भाव ताणला, हे कळल्याशिवाय तो सौदा मोडत नाही आणि मान्यही करत नाही. हाच व्यापारी आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस हाती आली की मात्र गोंधळतो. गेल्या वर्षी घरात शस्त्रक्रिया झाली, कंपनीने पैसे दिले आणि यंदा हप्ता वाढून आला. तेव्हा कंपनी क्लेमचे पैसे वसूल करत आहे, असा निष्कर्ष तो एका दमात काढतो आणि रागाच्या भरात कंपनी बदलायला निघतो. या निष्कर्षात थोडे तथ्य आहे, पण फार थोडे. कंपनी बदलण्याच्या घाईत मात्र मोठे नुकसान दडलेले असू शकते.

तुमसरच्या बाजारपेठेत अडत असलेले एक कुटुंब कल्पावे. पती, पत्नी आणि दोन मुले यांची एकत्रित, म्हणजे फ्लोटर, पॉलिसी आहे. विमा रक्कम दहा लाख असून पॉलिसीला पाच वर्षे होत आली आहेत. गेल्या वर्षी पत्नीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया नागपूरला झाली आणि क्लेम मंजूर झाला. तोपर्यंतच्या वर्षाचा हप्ता करांशिवाय 26,600 रुपये होता. आता 33,480 रुपयांची नोटीस आली आहे. म्हणजे वाढ 6,880 रुपयांची, सुमारे 26 टक्के. हे आकडे समजण्याच्या सोयीसाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत खऱ्या नोटिशीलाही तशीच लागू पडते.

कंपनीच्या संकेतस्थळावर त्या पॉलिसीचे माहितीपत्रक आणि वयोगटानुसार हप्त्यांचा तक्ता असतो. गेल्या वर्षीचा तक्ता आणि यंदाचा तक्ता शेजारी ठेवले की वाढ आपोआप तीन भागांत विभागली जाते. गेल्या वर्षी तक्त्यातील हप्ता 28,000 होता आणि क्लेम न झाल्याची पाच टक्के सूट, म्हणजे 1,400 रुपये, वजा होत होती. यंदा पतीने सेहेचाळीसावे वर्ष गाठले, त्यामुळे कुटुंब पुढच्या वयोगटात गेले. जुन्याच दरांनी त्या गटाचा हप्ता 31,000 होता, म्हणजे वयामुळे 3,000 वाढले. शिवाय कंपनीने त्या पॉलिसीचे सर्वच ग्राहकांचे दर आठ टक्क्यांनी वाढवले, त्याचे 2,480 झाले. उरले ते सुटलेल्या सवलतीचे 1,400. तीन्हींची बेरीज बरोबर 6,880 भरते. क्लेमशी संबंधित भाग त्यातला केवळ शेवटचा आहे, आणि तोही दंड नव्हे; ती मिळत असलेली सूट थांबली आहे.

या हिशेबात एक ठिकाणी हमखास चूक होते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसींवरचा जीएसटी शून्य झाला. त्याआधी तो 18 टक्के होता. गेल्या वर्षी या कुटुंबाने करासह 31,388 रुपये भरले असतील, तर यंदाचे 33,480 फक्त 2,092 रुपयांनी जास्त भासतात आणि खरी वाढ लपून जाते. म्हणून तुलना नेहमी करांशिवायच्या आकड्यांची करावी.

आता मुख्य प्रश्न. एखाद्याने क्लेम घेतला म्हणून त्याच्यावर अधिभार, म्हणजे लोडिंग, लावता येते का? एके काळी मेडिक्लेम पॉलिसीत असा अधिभार सर्रास लावला जाई. विमा नियामकाच्या आरोग्यविषयक विनियमांनी ही वाट बंद केली. नूतनीकरणाच्या वेळी हप्त्यातील बदल त्या पॉलिसीच्या सर्व ग्राहकांसाठी एकसारखा असावा, एका व्यक्तीच्या क्लेमवर आधारित नसावा, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. क्लेम घेतला या कारणाने नूतनीकरण नाकारता येत नाही. विमा रक्कम वाढवायची नसेल तर प्रकृतीची नव्याने छाननीही करता येत नाही. याची न्यायालयीन पार्श्वभूमीही मोलाची आहे. बिमान कृष्ण बोस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सांगितले की, ग्राहकाने पूर्वी क्लेमवरून वाद घातला एवढ्यावरून सरकारी विमा कंपनी मेडिक्लेमचे नूतनीकरण मनमानीने नाकारू शकत नाही.

वैयक्तिक अधिभार तरीही काही पॉलिसींवर दिसतो. तो बहुधा पॉलिसी घेतानाच मधुमेह, रक्तदाब किंवा वजन पाहून लावलेला असतो आणि पुढेही चालू राहतो. त्यामुळे नोटिशीत ‘लोडिंग’ असा शब्द दिसला, तर तो पहिल्या वर्षीच्या पॉलिसीतही होता का, हे आधी पाहावे. असेल, तर आजार आटोक्यात असल्याचे तपासणी अहवाल जोडून फेरविचाराची विनंती करता येते. ती मान्य करणे कंपनीच्या धोरणावर असते. तो क्लेमनंतर नव्याने उगवला असेल, तर लेखी कारण मागावे. एक वेगळी गोष्ट ध्यानात ठेवावी: दुकानातील नोकरांची किंवा एखाद्या संस्थेच्या सभासदांची समूह पॉलिसी असेल, तर तिचा दर त्या समूहाच्या एकूण क्लेमनुसारच ठरतो. तिथे वाढीविषयीची बोलणी संस्थेने एकत्रितपणे करायची असते.

घासाघीस कुठे चालते? दर तक्त्यातले असल्याने कौटुंबिक पॉलिसीच्या हप्त्यावर सौदा होत नाही, पण पॉलिसीचा आकार बदलता येतो. पहिले काही हजार रुपये स्वतः भरण्याची अट, म्हणजे डिडक्टिबल, स्वीकारली की हप्ता उतरतो. ज्या व्यापाऱ्याला पंचवीस-पन्नास हजार रोख उभे करणे जड जात नाही, त्याच्यासाठी हा मार्ग बरा. अनेक पॉलिसींत शहरांप्रमाणे विभाग असतात आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याचा हप्ता महानगरांपेक्षा कमी असतो. पण जिल्ह्यातील बरेच मोठे उपचार नागपूरला होतात. नागपूर वरच्या विभागात असेल, तर तिथल्या बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतःला भरावा लागू शकतो. स्वस्त विभाग निवडण्याआधी हे कलम वाचावे. विमा रक्कमच कमी करणे हा मात्र महागात पडणारा उपाय आहे. पुढे ती पुन्हा वाढवताना वाढीव भागासाठी प्रकृतीची छाननी आणि प्रतीक्षा कालावधी नव्याने सुरू होतात.

एवढे करूनही दर पटत नसेल, तर पोर्टेबिलिटी आहे. 1 ऑक्टोबर 2011 पासून ही सोय लागू आहे. जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त 36 महिन्यांचा असतो. तो जुन्या कंपनीत पूर्ण झाला असेल तर नव्या कंपनीत पुन्हा मोजला जात नाही. पॉलिसी सलग 60 महिने चालल्यावर माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. या साठ महिन्यांची मोजणीही बरोबर येते. मात्र हे संरक्षण जुन्या विमा रकमेपुरते असते. तुमसरच्या कुटुंबाने नव्या कंपनीत वीस लाख घेतले, तर जुन्या दहा लाखांना पाच वर्षांचे श्रेय मिळेल. वरच्या दहा लाखांची मोजणी पहिल्या दिवसापासून होईल.

इथेच घाईचा धोका आहे. जुनी कंपनी क्लेममुळे अधिभार लावू शकत नाही, पण नवी कंपनी प्रस्ताव नव्याने तपासते. गेल्या वर्षीची शस्त्रक्रिया पाहून ती अधिभार लावू शकते, सरळ नकारही देऊ शकते. पित्ताशय काढल्यावर आजार संपला, असा प्रस्ताव सहसा सुकर असतो. हृदयविकार किंवा कर्करोगानंतर तो कठीण होतो. अशा आजारानंतर जुन्या कंपनीतले नूतनीकरण हा ग्राहकाचा हक्क असतो, तर नव्या कंपनीतला प्रवेश तिच्या मर्जीवर असतो. वाढीव पाच-सहा हजारांसाठी हा हक्क सोडण्याआधी दोनदा विचार करावा. क्लेम लपवून अर्ज भरणे तर व्यर्थच, कारण क्लेमचा इतिहास नवी कंपनी जुन्या कंपनीकडून मागवते.

तारखांचे गणितही नीट जुळवावे. पॉलिसींत सर्वसाधारणपणे अर्ज नूतनीकरणाच्या 45 दिवस आधीपर्यंत आणि 60 दिवसांपेक्षा आधी नको, अशी अट असते. पॉलिसी 31 मार्चला संपत असेल, तर अर्ज 30 जानेवारी ते 14 फेब्रुवारी या दिवसांत द्यावा. जुन्या कंपनीने माहिती 72 तासांत पुरवावी आणि ती मिळाल्यापासून पाच दिवसांत नव्या कंपनीने निर्णय द्यावा, असे 2024 च्या परिपत्रकाने सांगितले आहे. नवी कंपनी लेखी होकार देईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नये. होकार वेळेत न आल्यास जुन्याच कंपनीत हप्ता भरून टाकावा. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलतीची मुदत असते आणि तीत भरल्यास सलगता टिकते, पण मधल्या दिवसांतील आजारपणाला संरक्षण नसते.

घरात साठ वर्षांवरील वडीलधारे असतील, तर आणखी एक आधार आहे. जानेवारी 2025 मधील निर्देशानुसार ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. नोटीस यापुढची असेल, तर ती मंजुरी कोणत्या आधारे आहे, हे विचारावे.

प्रश्न लेखी विचारावेत: वाढीत वयाचा भाग किती, सर्वांच्या दरवाढीचा किती, आणि सूट किंवा बोनस किती घटला? उत्तर न आल्यास कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. हप्त्याविषयीचे वादही त्याच्या कक्षेत येतात. मात्र त्यासाठी दोन्ही वर्षांचे तक्ते, नोटीस आणि कंपनीचे लेखी उत्तर जपून ठेवावे. बाकी वह्यांसारखीच ही कागदपत्रेही वर्षागणिक लावलेली असावीत.