एकच पान, दोन पंगती

नवउद्योजकांची सादरीकरणं तपासताना ‘पैसा कुठे जाणार’ ही स्लाइड मी आधी उघडते. बहुतेकदा तिथे एक गोल असतो आणि त्याच्या तीन रंगीत फोडी: नोकरभरती, प्रॉडक्ट, विक्री. शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या दोघा तरुणांचा गोलही असाच होता. मागणी चार कोटींची, अठरा महिन्यांसाठी. भरतीला दोन कोटी, प्रॉडक्टला एक कोटी वीस लाख, विक्रीला ऐंशी लाख.

मी विचारलं, “डेव्हलपरचा पगार कुठल्या फोडीत धरलाय?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला भरतीत, दुसरा म्हणाला प्रॉडक्टमध्ये. एक्सेल उघडल्यावर कळलं, दोघांचंही बरोबर होतं. चार डेव्हलपर, दरमहा सव्वा लाख, अठरा महिने: हे नव्वद लाख दोन्हीकडे लिहिलेले. एकाच माणसाचं पान दोन पंगतींत वाढलेलं!

ही चूक वारंवार होते, कारण या तीन फोडी एका जातीच्या नाहीतच. भरती हा खर्चाचा प्रकार आहे. प्रॉडक्ट आणि विक्री ही खर्चाची कारणं. तिन्ही शेजारी ठेवायच्या असतील, तर सगळे पगार भरतीत टाकायचे आणि बाकी दोन्हींत पगार सोडून उरलेलं. तसं केल्यावर प्रॉडक्टकडे सर्व्हर आणि सेन्सरच्या चाचण्यांचे तीस लाखच राहिले. बेरीज तीन कोटी दहा लाख.

पण गोलात जागाभाडं, सीए, वकील यांचा पत्ताच नव्हता. त्याचे चोवीस लाख धरले. साधारण दोन महिन्यांचा खर्च म्हणून छत्तीस लाख हाताशी ठेवले. मागणी तीन कोटी सत्तर लाखांवर आली. ग्राहकांकडून येणारा पैसा मुद्दाम धरला नाही; तो वेळेवर येईलच याचा भरवसा नाही.

मग तारखा. विक्रीची चारही माणसं पहिल्याच महिन्यात घ्यायची होती आणि विकायचं सॉफ्टवेअर सातव्या महिन्यात तयार होणार! तोवर ती माणसं काय विकणार होती, देव जाणे. दोघांना पाचव्या महिन्यात आणि दोघांना नवव्यात घ्यायचं ठरलं. दरमहा लाख रुपये पगार धरला, तर चोवीस लाख वाचले. मागणी न घटवता ते शिलकीत टाकायला मी सांगितलं, कारण पुढचा निधी उभा करायला सहा महिने सहज जातात. म्हणून दाखवण्याजोगं काम बाराव्या महिन्यापर्यंत हातात हवं.

नव्या स्लाइडवर गोल नाही. प्रत्येक रकमेपुढे माणसं किती, कोणत्या महिन्यापासून आणि त्यातून काय उभं राहणार, एवढंच आहे. तुमची स्लाइड मला पाठवाल तेव्हा टक्के नसले तरी चालतील, पण सोबत एक्सेलची फाइल पाठवा.