स्थळाचा पहिला निरोप



माझ्या धाकट्या दिरांनी क्षमावाणीच्या दुसऱ्याच दिवशी फोन केला. "वहिनी, बंगळूरचं एक स्थळ आलंय कानावर. पोरगी चांगली आहे म्हणतात. तुम्ही जरा निरोप लिहून द्या, तुमचं मराठी बरं आहे." पुतण्या एकतीस वर्षांचा, पुण्यात नोकरीला. मुलीचे घर मूळचे आपल्याच भागातले, पण मुलीचा जन्म बंगळूरचा. घरात मराठी बोलतात. मुलीला आणि तिच्या भावाला मराठी वाचता मात्र येत नाही. म्हणून निरोप मराठीत आणि खाली चार ओळी इंग्रजीत असे ठरले. इंग्रजीचे काम पुतण्याकडे, मराठीचे माझ्याकडे.

मी म्हटले, लिहू, पण पाठवायला पंधरा दिवस थांबू. क्षमावाणीनंतर पितृपंधरवडा लागतो. आपण तो मानत नाही, पण कित्येक वर्षे बाहेर राहिलेल्या घरात शेजारपाजारच्या रीतीही येतात. समोरचे मानत असले तर पहिलाच निरोप उगीच खटकायचा. घटस्थापनेला पाठवू म्हटले. ते पंधरा दिवस नंतर सगळेच्या सगळे लागले.

दिरांनी स्वतःच एक मसुदा केला होता. सुरुवात होती, "आम्ही सांगलीचे पाटील." आपल्याकडे पाटील म्हटल्यावर काय कळते? प्रत्येक गावात पाटील आहेत. मुलीच्या आजीचा पहिला प्रश्न असणार, कुठले पाटील? मग मूळ गाव आणि मुलाचे आजोळ, एवढे पहिल्या दोन ओळींत पाहिजे. त्या दोन नावांवरून समोरची माणसे संध्याकाळपर्यंत आपली सगळी चौकशी करून मोकळी होतात, आणि ती त्यांना करू द्यावी. दुसरे म्हणजे नंबर कुणी दिला ते लिहायला हवे, आणि विचारून दिला हेही. विचारलेच नसेल तर आधी त्या मध्यस्थ काकूंना विचारायला लावावे. तसे आम्ही लावले.

मसुद्यात "अपेक्षा" म्हणून एक ओळ होती: नोकरी करणारी व घर सांभाळणारी. ती मी काढून टाकली. ओळखदेखही नाही तोवर कसली अपेक्षा सांगता?

जेवणाची ओळ मात्र मी वाढवली. दिरांनी लिहिले होते, "घर पूर्ण जैन आचाराचे." हे वाचून कुणी काय समजायचे? एका घरी याचा अर्थ सूर्यास्ताआधी जेवण आणि कंदमुळे वर्ज्य, दुसऱ्या घरी नुसते शाकाहारी. आमच्या जावेच्या घरी कांदा-लसूण असतो, बटाटाही असतो; चतुर्दशीला आणि दशलक्षणात नसतो. पुतण्या पुण्यात रात्री उशिरा जेवतो. मग तसेच लिहावे. ती मुलगी नियमाची असली तर तिला आजच कळेल. आणि नसली, तर "पूर्ण जैन आचार" वाचून बिचारी घाबरणार नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी पुतण्याचा साखरपुडा झाला होता आणि तो मोडला. जावेला वाटत होते की पहिल्या निरोपात हे नको. "आधी बघू तर दे त्यांना, पुढं बोलणं वाढलं की सांगू." तिचे चूक म्हणवत नाही. असे मोडलेले लग्न गावभर फिरते आणि मुलात काहीतरी दोष असेल असे धरून चालतात. शेवटी तडजोड म्हणून मी मराठीत लिहिले, "यापूर्वी एके ठिकाणी योग जुळत आला होता, तो पुढे गेला नाही." मोठ्यांना यातून बरोबर कळते. आपल्या मराठीची ही सोय आहे.

चार दिवसांनी पुतण्याने इंग्रजी पाठवले. छान, नेटके, नाव-वय-शिक्षण-नोकरी. त्यात ही ओळच नव्हती. विचारले तर म्हणाला, "काकू, 'योग जुळत आला होता' याचं इंग्रजी मला येईना. सरळ लिहायचं तर 'एंगेजमेंट मोडली' असंच होतं. आई नको म्हणाली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या मुलीने निर्णय करायचा ती फक्त इंग्रजी वाचणार. म्हणजे आईवडिलांना आडून सांगितले आणि मुलीला काहीच सांगितले नाही. एकाच निरोपात दोन निरोप झाले. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षे होऊन गेली, पण एवढे अजून आठवते की ताळेबंदाच्या खालच्या टिपाही ताळेबंदाचाच भाग असतात, आणि जाणकार माणूस आधी त्या वाचतो. इथे तर आम्ही ज्याच्यासाठी टीप लिहायची त्यालाच ती दाखवत नव्हतो.

दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात सत्याणुव्रताचे पाच अतिचार येतात. त्यातला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे. मी तो नेहमी खोट्या दस्तांचा, बनावट सह्यांचा समजत आले. आपल्या घराशी त्याचा काय संबंध? पण त्याच यादीत रहोभ्याख्यानही आहे, स्त्री-पुरुषांच्या एकांतातल्या गोष्टी उघड करणे. या वर्षी हे दोन्ही शब्द एकाच निरोपावर येऊन बसले. साखरपुडा लपवला तर पहिला दोष. आणि तो का मोडला, त्या मुलीने काय म्हटले, हे सांगत बसलो तर दुसरा. मग जे घडले तेवढे लिहायचे आणि कारण लिहायचे नाही. ती दुसऱ्या घरची लेक आहे, तिचेही कुठेतरी बोलणे चालू असेल.

जावेला हे सांगितले. ती चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. पाचव्या दिवशी तिचाच फोन आला, "लिहा ताई, पण साधं लिहा." शेवटी मराठी असे झाले:

॥ श्री वीतरागाय नमः ॥

आदरणीय श्री. व सौ. … यांना सविनय जय जिनेंद्र.

आम्ही मूळचे शिरोळ तालुक्यातील … गावचे पाटील, सध्या सांगलीत राहतो. जयसिंगपूरच्या … काकूंनी आपल्याला विचारून आपला नंबर दिला, म्हणून हे लिहीत आहे. माझा मुलगा चि. … (वय ३१, मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात नोकरी) याच्यासाठी आपल्या चि. कु. … यांचा विचार व्हावा, अशी आमची इच्छा आहे. त्याचे आजोळ निपाणीचे. घरी आम्ही दोघे असतो. मुलीचे लग्न झाले आहे. घरात कांदा-लसूण असतो, चतुर्दशीला व दशलक्षणात नसतो. मुलगा पुण्यात रात्री जेवतो.

गेल्या वर्षी त्याचा साखरपुडा झाला होता. तो दोन्ही घरांच्या संमतीने मोडला. हे आधीच कळवणे आम्हांला योग्य वाटते. याबद्दल काही विचारायचे असल्यास तो स्वतः बोलेल.

आपण घरी सर्वांशी, विशेषतः चि. कु. … यांच्याशी बोलून सवडीने कळवावे. योग नसल्यास काकूंना तसे सांगितले तरी पुरे. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला नम्र, …

एक गोष्ट पाहा. आपला मुलगा "याच्यासाठी" आणि त्यांची मुलगी "यांचा". ती त्याच्यापेक्षा लहान आहे, तरीही. आपले ते खाली ठेवायचे आणि समोरच्याचे ते वर, हे मराठीत एका अनुस्वाराने होते. इंग्रजीत त्याला जागाच नाही. पुतण्याने आदर दाखवायला म्हणून "रिस्पेक्टेड", "काइंडली", "हम्बल" असे शब्द पेरले होते. त्याने आदर येत नाही, निरोप कचेरीतल्या अर्जासारखा होतो. ते सगळे काढले. आदर वरच्या मराठीत आहे. मुलीची आई तो वाचून दाखवील.

आणखी एक मोठी गंमत. "सवडीने कळवावे" याचे त्याने "अ‍ॅट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स" केले होते. कचेरीत रोज लिहायची सवय. पण मराठीत आम्ही म्हणतोय वेळ घ्या, आणि इंग्रजीत म्हणतोय जमेल तितक्या लवकर सांगा! तसेच "वी प्रपोज" होते. आम्ही अजून मागणी घातलेली नाही, ओळख करून देतोय. म्हणून इंग्रजीत पहिलीच ओळ अशी ठेवली की हा परिचयाचा निरोप आहे. त्याखाली मुलाचे नाव, वय, शिक्षण, काम आणि पुण्यात राहतो हे. मग जेवणाचे मराठीत आहे तसेच. मग साखरपुड्याचे: गेल्या वर्षी झाला, दोन्ही घरांनी मिळून मोडला, विचारायचे असल्यास मुलाला विचारा. शेवटची ओळ, घाई नाही, आणि नकार काकूंमार्फत कळवला तरी चालेल. सहा छोटी वाक्ये. मुलीचा फोटो मागितला नाही, आपलाही सोबत जोडला नाही.

पाठवण्याआधी मी एक केले, ते तुम्हीही करून बघा. पुतण्याला फोनवर इंग्रजी वाचायला लावले आणि मी समोर मराठी धरून एकेका गोष्टीवर पेन्सिलीने खूण केली. इंग्रजीत सांगितलेले एखादे मराठीत नाही किंवा उलटे, असे आढळले की तिथे थांबायचे. आजोळ इंग्रजीत नव्हते, ते राहू दिले, मुलीला त्याचे काय! पण "मुलगा रात्री जेवतो" हे गळले होते. ते त्याला पुन्हा घालायला लावले. तो हसला, "काकू, हेसुद्धा?"

घटस्थापनेला सकाळी दिरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. निळ्या खुणा दहा मिनिटांत झाल्या, आणि मग आठ दिवस काहीच नाही. जाऊ रोज विचारायची. तिच्या मनात काय आहे ते मला कळत होते, ती बोलली नाही इतकेच.

नवव्या दिवशी मुलीच्या आईचा निरोप आला, दिरांना नव्हे तर जावेला. त्यांनी लिहिले होते की निरोप सर्वांनी वाचला, मुलीनेही. तिला आमच्या मुलाशी आधी एकदा फोनवर बोलायचे आहे, साखरपुड्याबद्दलच; आपली हरकत नसावी. आणि खाली एक ओळ, मुलीने आईला सांगून घातलेली, की रात्री उशिरा केला तरी चालेल, तीही तेव्हाच जेवते.

जावेने तो निरोप मला वाचून दाखवला आणि पुतण्याला पाठवून दिला. फोन रविवारी व्हायचा आहे.