नॉमिनीच्या हाती पैसा, हक्क वारसांचा

पासबुकावर ज्याचे नाव नॉमिनी म्हणून असेल, पैसा त्याचाच, असा समज मला गावोगाव फिरताना आढळतो. तो खरा नाही.

समजा, एका शेतकऱ्याने लग्नाआधी धाकट्या भावाचे नाव लावले. पुढे लग्न झाले, मुले झाली, पण नाव तेच राहिले. तो वारल्यावर त्याच्या स्वकष्टाची ४ लाखांची ठेव बँक भावाच्या हाती देते आणि मोकळी होते. भाऊ मात्र मालक होत नाही. तो पैसे वारसांसाठी सांभाळणारा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना प्रत्येकी १ लाख मिळतात. मुलगी सासरी गेली तरी तिचा वाटा तेवढाच. भावाला काही नाही.

भावाने पैसे दिले नाहीत, तर पत्नीला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते.

विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली हेच सांगितले. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास रक्कम त्यांचीच, असे कायद्यात आले. भावाला ती सवलत नाही.

म्हणून लग्न झाले की बँकेत आणि विमा कचेरीत फॉर्म भरून नॉमिनी बदला. वाटणी वेगळी करायची असेल, तर दोन साक्षीदारांसमोर सही करून मृत्युपत्र करा. नुसत्या नॉमिनीच्या नावाने वाटणी होत नाही.