आम्ही फॉन्टला ‘मूकनायक’ हे नाव का दिलं नाही

गेल्या जयंतीला आमच्या वस्तीच्या कमानीवर ‘भीम’चं ‘मीम’ झालं. वीस बाय दहाचा फ्लेक्स, निळ्यावर पांढरी अक्षरं, आणि अक्षरं आमच्याच पोरानं काढलेली. तेरा एप्रिलच्या रात्री फ्लेक्स बांधून झाल्यावर खाली उभ्या असलेल्या एका आजीनं विचारलं, “हे मीम काय आहे रं?” मग शिडी लावली, निळा रंग आणला आणि ‘भ’च्या डोक्यावर जिथे शिरोरेषा तुटायला हवी होती तिथे हातानं फट रंगवली.

चूक छापणाऱ्याची नव्हती, आमची होती. आणि ती चूक फॉन्टच्या नावात होती, हे कळायला आम्हाला दोन आठवडे लागले.

आधी त्या अक्षरांबद्दल. भिंतीवर घोषणा रंगवण्यासाठी आमच्याकडे जुन्या एक्स-रे फिल्मचे कापलेले साचे होते. ब्लेडनं गोलाई कापता येत नाही, हात घसरतो; म्हणून कापणाऱ्यांनी प्रत्येक वळणाचे सरळ तुकडे केले. ‘ठ’ गोल न राहता अष्टकोनी झाला. ‘व’चं पोट कोपऱ्याचं झालं. त्याच वळणावरून मथळ्यांसाठी हा फॉन्ट तयार झाला: एकच वजन, खूप जाड, एकही गोलाई नाही. काम चालू असताना फाइलला `Banner1` असं नाव दिलं होतं, आणि आळसानं तेच राहिलं.

फ्लेक्स करणाऱ्या कार्यकर्त्यानं यादीत `Banner1` पाहिलं, निवडलं आणि मथळा आहे म्हणून सवयीनं `B` दाबला. फॉन्टमध्ये वेगळं ठळक वजन नसेल, तर बरीच सॉफ्टवेअरं स्वतःच रेषा फुगवून खोटं ठळक अक्षर बनवतात. बारीक अक्षराला ते खपतं. आधीच जाड असलेल्या अक्षरात मात्र रेषा फुगली की आतली मोकळी जागा बुजते. देवनागरीत हे फार महागात पडतं, कारण ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांना वेगळं ठेवतो तो डोक्यावरचा एवढासा फाटा आणि शिरोरेषेतली फट. फट बुजली की ‘संविधान’चं ‘संविघान’ होतं. तपासायचं असेल तर फ्लेक्सचा नमुना मोबाइलवर अंगठ्याएवढा करून बघा. मोठ्या पडद्यावर न दिसलेली बुजलेली फट तिथे लगेच दिसते.

म्हणजे वापरणाऱ्याला मिळणारी पहिली, आणि बहुतेक वेळा एकमेव, सूचना म्हणजे यादीतलं नाव. तो माहितीपुस्तक वाचत नाही, नाव वाचतो. मुंबईच्या एक टाइपनं ‘मोदक’ नावाचा फॉन्ट काढलाय. नाव ऐकताच अक्षरं फुगीर आणि गुबगुबीत असणार हे कळतं. त्याला आणखी जाड करायची इच्छा कुणाला होईल? उलट विंडोजमधलं ‘मंगल’ घ्या. नाव शुभ आहे, पण अक्षराबद्दल अवाक्षर नाही. आम्हाला ‘मोदक’सारखं, पण नेमकं उलट्या स्वभावाचं नाव हवं होतं: जड आणि कोपऱ्यांचं.

बैठक बसली आणि पहिलं नाव आलं ‘मूकनायक’. साहजिकच आहे. 31 जानेवारी 1920 ला सुरू झालेल्या त्या पत्राशी आमच्या अक्षरांचं नातं जोडायला कुणाला आवडणार नाही? बाजूचे म्हणाले, शिवाजी महाराजांच्या नावाचे फॉन्ट चालतात, मग आपला का नको? आम्ही विरोध केला तेव्हा दोन दिवस अबोला होता.

आमचं म्हणणं साधं होतं. हा फॉन्ट आम्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत सोडणार होतो. त्या लायसन्समध्ये अक्षर कुणीही, कशासाठीही वापरू शकतो. उद्या कुणी ‘मूकनायक’मध्ये सत्यनारायणाची पत्रिका छापली तर आपण कुठल्या तोंडानं रागावणार? आणि नावाचं रक्षण करायचं म्हटलं तर त्याच लायसन्समध्ये ‘राखीव नाव’ ठेवायची सोय आहे: फॉन्टमध्ये बदल करणाऱ्याला ते नाव आमच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. म्हणजे बाबासाहेबांच्या पत्राच्या नावावर परवानगी देणारे मालक आम्ही! चळवळीचा शब्द चळवळीतल्याच चार जणांनी राखीव करावा, हे आम्हाला पटलं नाही. शिवाय ‘मूकनायक’ या शब्दातून आदर कळतो. जाडी कळत नाही, कोपरे कळत नाहीत. `B` दाबणारा दाबणारच.

मग हत्यारांकडे वळलो. ‘धार’ सुचलं, त्यात ‘ध’सुद्धा आहे. पण धार तीक्ष्ण असते, जड नसते, आणि रोमनमध्ये `Dhar` म्हटलं की मध्य प्रदेशातलं शहर. ‘घण’ जड आहे, पण त्याला कोपरा नाही. ‘कुदळ’ रोमनमध्ये `Kudal` झाली आणि सिंधुदुर्गातल्या कुडाळला जाऊन पोचली. ‘टाकी’ मनापासून आवडली होती. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. घाव घालणाऱ्याला मात्र त्या देवाच्या गाभाऱ्यात जागा नसायची, हे म्हणीत येत नाही. पण आजच्या पोराला ‘टाकी’ म्हणजे गच्चीवरची पाण्याची. कुणीतरी ‘पाथरवट’ म्हणालं. त्यावर आमचा वडार समाजातला सहकारी शांतपणे बोलला, “दगड घडवणाऱ्याच्या जातीचं नाव तुमच्या पोस्टरची शोभा नको.” ते नाव तिथेच संपलं, आणि बरं झालं.

रोमनचा एवढा जाच कशाला, असं वाटेल. फॉन्टच्या फाइलमध्ये मराठी नावासाठी जागा असते, पण बऱ्याच सॉफ्टवेअरच्या यादीत रोमनच दिसतं. आणि पोस्टस्क्रिप्ट नाव नावाचा जो रकाना आहे त्यात देवनागरी चालतच नाही, मोकळी जागाही नाही. त्यामुळे नाव दोन्ही लिपींत उभं राहावं लागतं.

शेवटी ‘कातळ’ उरलं. कातळ जड असतो, आणि फुटला की कडा धारदार निघते. आपली लेणी त्यातच कोरलेली आहेत, हे नंतर सुचलं. आधी आम्ही अक्षरं पाहिली. ‘क’ला दोन्ही बाजूंनी पोट, ‘त’ला वळण, ‘ळ’ला दोन डोळे: एरवी गोल असणारी तिन्ही अक्षरं. आमच्या फॉन्टमध्ये ती कोपऱ्यांची होतात, म्हणून नाव त्याच अक्षरांत लिहिलं की स्वभाव दिसतो. ‘नगारा’ लिहिलं असतं तर नुसत्या उभ्या दांड्यांची गर्दी, कुठल्याही जाड फॉन्टसारखी. रोमनमध्ये `Katal`चं कत्तल होत होतं, म्हणून `Kaatal` केलं. ‘ळ’साठी रोमनमध्ये अक्षर नाही, तेवढं सोसलं.

फाइलमध्ये कुटुंबाचं नाव फक्त `Kaatal` ठेवलं, पुढे `Bold` जोडलं नाही. नाहीतर यादीत ठळक वजन वेगळं दिसतं आणि लोक साधं वजन शोधत बसतात. या नावात वरची मात्रा नाही, ‘भ’ही नाही, ही उणीव आहेच. म्हणून नमुन्याच्या पानावर नावाखाली ‘भीम’ आणि ‘संविधान’ दोनदा छापलेत: एकदा जसे आहेत तसे, आणि एकदा `B` दाबून, वर लाल काट मारून.