भीमओवीचा सारांश काढणाऱ्यांना

अमडापुरात आम्ही जात्यावरच्या भीमओव्यांवर लिहायला बसतो, तेव्हा एक वाक्य आयतंच सुचतं: "या ओवीत बाबासाहेबांविषयीची श्रद्धा व्यक्त होते." हे वाक्य शंभर ओव्यांना चिकटवता येतं. मग विद्वान म्हणायला मोकळे, ही तर व्यक्तिपूजा!

छापलेली ओवी दोन ओळींची असते, गळ्यातली नसते. बाई अर्धी ओळ म्हणते, तीच पुन्हा घेते, मध्ये 'गं', 'बाई' घालते, मग उरलेलं लांबवते. 'गं'चा शब्दार्थ काय सांगणार? पण त्या 'गं'मुळे समोर बसून दळणारी बाईही ओवीत येते. एकटीची भक्ती म्हणता ती इथे दोघींची बोलाचाली असते. सारांशात नेमकं हेच गळतं.

गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या भीमओव्याही आहेत, आणि त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकता येतं. ते ऐकून आधी एवढंच लिहावं: कोणता शब्द किती वेळा आला, श्वास कुठे तुटला. अर्थाचा अंदाज त्यानंतर, आणि अंदाज म्हणूनच. हाती नुसता कागद असेल तर चालीबद्दल एक शब्दही लिहू नये.